‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर

प्रश्न: मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या फॉलसाठी अमेरिकेत एमएसला अर्ज करतोय. रेको, म्हणजे शिफारसपत्र, मागायला सरांकडे गेलो तर ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ कन्सल्टन्सीवाले तयार नमुने देतायत. मी नेमकं काय लिहू? आणि एक पत्र एचओडींचं असलंच पाहिजे का?

उत्तर:

पत्र तू लिहू नकोस. सरांना पत्र लिहिता येईल इतकी माहिती त्यांच्या हातात दे. या दोन गोष्टींत फरक काय आणि दुसरी कशी करायची, तेवढंच इथे नीट सांगतो. मी पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात चोवीस वर्षं शिकवतोय आणि दर वर्षी बारा-पंधरा मुलांची पत्रं लिहितो.

आधी सरांची बाजू. ‘तूच लिहून आण’ म्हणणारे शिक्षक सगळेच आळशी नसतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मुदत १ डिसेंबर किंवा १५ डिसेंबर, काहींची जानेवारीत. आपल्याकडे नेमका तोच काळ सत्र परीक्षांचा, ओरल्सचा आणि पेपर तपासायच्या कॅपचा. एका डिव्हिजनला साठ-सत्तर मुलं, अशा दोन डिव्हिजन. सरांना तुझा चेहरा आठवत असतो, पण दीड वर्षापूर्वी लॅबमध्ये तू काय केलंस ते आठवत नसतं. म्हणून ते मसुदा मागतात. त्यांची खरी अडचण आठवणीची आणि वेळेची असते. तेवढी सोडवलीस तर बरेचसे शिक्षक स्वतः लिहायला तयार होतात, हा माझा अनुभव आहे.

आता तू का लिहायचं नाहीस ते. अर्ज भरताना प्रत्येक शिफारसकर्त्याच्या नावापाशी तुला एक प्रश्न येईल: हे पत्र पुढे कधी पाहण्याचा हक्क तू सोडतोस का? अमेरिकेत १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. त्याप्रमाणे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहता येतात, शिफारसपत्रंही. हा हक्क सोडणं ऐच्छिक आहे, पण बहुतेक मुलं तो सोडतात आणि तेच योग्य. मुलगा पत्र वाचणार नाही हे ठाऊक असलं की शिक्षक मोकळेपणाने लिहितो, आणि वाचणारी समितीही त्या पत्राला जास्त वजन देते. म्हणजे एकीकडे तू ‘मी हे पत्र पाहणार नाही’ यावर खूण करणार आणि दुसरीकडे तेच पत्र शब्दन्‌शब्द तूच लिहिलेलं असणार. अर्जाच्या शेवटी सगळं खरं असल्याचं प्रतिज्ञापत्र असतं, त्याखाली तुझी सही असते. हे उघड झालं तर अर्ज रद्द होऊ शकतो, प्रवेश मिळाल्यानंतरही.

उघड कसं होतं, ते मी स्वतः पाहिलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही मसुद्यांवर सह्या करायचो. एका वर्षी दोन मुलं एकाच कन्सल्टन्सीतून मसुदे घेऊन आली. दोन्ही पत्रं मी एकाच दुपारी सही करून दिली, नीट न वाचता. दोघांनी एकाच विद्यापीठात अर्ज केला होता. तिसरा परिच्छेद दोन्हींत तंतोतंत तोच होता, आणि मुलीच्या पत्रात एके ठिकाणी इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम तसंच राहिलं होतं. विद्यापीठाकडून मला ईमेल आली की ही पत्रं तुम्हीच लिहिलीत का. मी खरं ते कळवलं. त्या विद्यापीठात दोघांचेही अर्ज बंद झाले. मुलगी खरोखर हुशार होती. तिच्याबद्दल मला स्वतःला चार चांगल्या गोष्टी सांगता आल्या असत्या, पण मी त्या सांगितल्याच नाहीत. तेव्हापासून दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरावर मी सही केलेली नाही.

बरं, पकडलं जाण्याचं सोडून देऊ. मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रं वाईटच असतात. कारण मुलाला आपल्याबद्दल जे माहीत असतं ते सगळं आधीच अर्जात आलेलं असतं. गुण ट्रान्सक्रिप्टमध्ये, प्रोजेक्ट रेझ्युमेत, उद्देश एसओपीत. मग पत्रात उरतात ती विशेषणं: मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, अष्टपैलू. ‘सिन्सिअर’ हा शब्द आपल्याकडे मोठी शाबासकी आहे. अमेरिकन प्राध्यापक तो वाचतो तेव्हा त्याला वाटतं, या मुलाबद्दल सांगण्यासारखं आणखी काही सापडलं नसावं. समितीला शिक्षकाकडून फक्त त्यालाच माहीत असलेल्या दोन गोष्टी हव्या असतात. एक, त्याने डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग. दुसरी, त्याने शिकवलेल्या इतर मुलांशी तुलना. दुसरी गोष्ट तू लिहूच शकत नाहीस. पहिली मात्र तू त्याला आठवून देऊ शकतोस.

तीन वर्षांपूर्वीचं एक उदाहरण सविस्तर सांगतो. मुलगी थर्ड इयरला माझ्याकडे हीट ट्रान्सफर शिकलेली, आणि तिचा सेमिनारही माझ्याकडेच होता. फायनल इयरला सप्टेंबरात ती पत्र मागायला आली. मी तिला म्हटलं, ‘माझ्यासमोर घडलेले तीन प्रसंग एका पानावर लिहून आण. स्वतःचं कौतुक नको. काय झालं, तू काय केलंस, त्यातून काय निघालं, बस.’

पहिल्या खेपेला तिने जे आणलं त्यात प्रसंग नव्हतेच. सीजीपीए, कॉलेजच्या टेक-फेस्टचं आयोजन, एका स्पर्धेतलं दुसरं बक्षीस, आणि डिप्लोमाहून थेट सेकंड इयरला आलेल्या मुलांना ती गणित शिकवायची ती गोष्ट. शेवटची गोष्ट मला फार आवडली, पण मी ती पत्रात घेतली नाही. मी ती पाहिलेली नव्हती. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगणार? तिला म्हटलं, हे तुझ्या एसओपीत घाल, ते तिथलं आहे. मग तिला समोर बसवलं आणि विचारलं, ‘माझ्या लॅबमध्ये कधी काही बिघडलं होतं का?’

तेव्हा पिन-फिनचा प्रयोग निघाला. मेकॅनिकलवाल्यांना तो ठाऊक आहेच, इतरांसाठी दोन वाक्यं. पितळेची एक कांडी एका टोकाला तापवतात, तिच्यावरून ब्लोअरची हवा सोडतात, आणि कांडीवर ठरावीक अंतरावर बसवलेल्या पाच थर्मोकपलची तापमानं एका इंडिकेटरवर वाचतात. गरम टोकापासून दूर जावं तसं तापमान उतरत गेलं पाहिजे. तिच्या ग्रुपला ७८, ६९, ६२, ६४, ५४ असं मिळालं. चौथं तिसऱ्यापेक्षा जास्त, जे शक्यच नाही. आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको. वरच्या बॅचच्या जर्नलमध्ये पाहून ६४ चं ५७ करायचं आणि सबमिशन उरकायचं. त्या दिवशी तीन ग्रुपनी तेच केलं.

ही मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या वेळेला आली, हीटर सुरू व्हायच्या आधी. रात्रभर बंद असलेलं यंत्र पूर्ण थंड असतं, म्हणजे सगळ्या थर्मोकपलनी खोलीचंच तापमान दाखवायला हवं. बाकीच्यांनी २७ दाखवलं, चौथ्याने ३४. मग लॅब असिस्टंटच्या देखत तिने इंडिकेटरच्या मागे तिसऱ्या आणि चौथ्या थर्मोकपलच्या वायरी अदलाबदल केल्या. ३४ चा आकडा चौथ्या चॅनेलवरच राहिला. याचा अर्थ थर्मोकपल ठीक होतं, इंडिकेटरचं ते चॅनेल ७ अंश जास्त दाखवत होतं. ६४ मधून ७ वजा केले की ५७ येतात, आणि उतार गुळगुळीत होतो. पण जर्नलमध्ये तिने आणखी एक ओळ लिहिली होती: ही दुरुस्ती चॅनेल गरम असतानाही तेवढंच चुकतं असं धरून केली आहे, ते मी तपासलेलं नाही.

ही शेवटची ओळ मला आठवत नव्हती. तिने जर्नल आणून दाखवलं तेव्हा आठवली. आणि माझ्या मते सगळ्या पत्राचा कणा ती ओळच झाली. उत्तर इतर ग्रुपचंही ५७ आणि तिचंही ५७. फरक एवढाच की तिला ते का बरोबर आहे हे माहीत होतं, आणि ते कुठपर्यंत बरोबर आहे हेही. संशोधनाकडे झुकणाऱ्या कोर्सची समिती नेमका हाच गुण शोधत असते, आणि तो तिच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये कुठेच दिसत नव्हता. त्या विषयात तिला लेखी परीक्षेत बेताचेच गुण होते.

दुसरा प्रसंग सेमिनारचा. मी एका गृहीतकाबद्दल विचारलं, तिने ठासून उत्तर दिलं, आणि ते चूक होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. चार दिवसांनी ती केबिनमध्ये आली, ‘सर, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं’ म्हणाली आणि दोन पानी डेरिव्हेशन समोर ठेवलं. गुण लागून गेले होते, तिला येण्याची काहीच गरज नव्हती. तिसरा प्रसंग तिने लिहिला होता, पण त्यातून नवीन काही कळत नव्हतं, म्हणून सोडला. एका पत्राला दोन प्रसंग पुरतात.

आता पत्राची मांडणी. पत्र इंग्रजीतच जातं, मी त्याचा गाभा मराठीत सांगतो. पहिल्या परिच्छेदात मी कोण, हिला कधीपासून आणि कोणत्या नात्याने ओळखतो: थर्ड इयरला थिअरी आणि लॅब, नंतर सेमिनार गाइड. मी हा विषय नऊ वर्षं, दर वर्षी सुमारे एकशे तीस मुलांना शिकवलाय, हेही तिथेच. हा आकडा आवश्यक आहे, कारण पुढची तुलना त्यावर उभी राहते. दुसरा परिच्छेद पिन-फिनचा, आकड्यांसकट. तिसरा सेमिनारचा, तोकडा. चौथा तुलनेचा, आणि तो मी असा लिहिला: परीक्षेच्या गुणांत ती वर्गाच्या वरच्या चौथाईत आहे, पहिल्या पाचात नाही. पण मोजमापावर शंका घेण्याची आणि ती शंका फेडण्याची कुवत पाहिली तर या नऊ वर्षांतल्या माझ्या सर्वांत चांगल्या पाच विद्यार्थ्यांत मी तिला धरतो. शेवटी एक उणीव: तिचं तांत्रिक लेखन अजून पसरट आहे, दोनदा लिहून घेतलं की चांगलं होतं. मग माझा फोन, कॉलेजचा ईमेल आणि सही. सगळं मिळून सव्वा पान.

उणीव लिहिली म्हटल्यावर मुलांच्या पोटात गोळा येतो. पण जो शिक्षक एक खरी, सुधारता येणारी उणीव सांगतो, त्याचं बाकीचं कौतुक खरं धरलं जातं. अर्थात ती नेमकी असावी लागते, आणि ‘अति मेहनत करतो, हीच त्याची उणीव’ अशा थाटाचं काही लिहायचं नाही. उणीव कोणती हे शिक्षकाने ठरवायचं. तुझ्या टिपणात ती नको.

पत्राइतकाच महत्त्वाचा भाग मुलांना दिसतच नाही, तो म्हणजे लिंकवरचा तक्ता. अर्जात तू शिक्षकाचा ईमेल भरलास की विद्यापीठाकडून त्याला लिंक जाते. तिथे पत्र अपलोड करण्याआधी बऱ्याच ठिकाणी एक तक्ता भरावा लागतो: बौद्धिक क्षमता, संशोधनाची तयारी, लेखन, नेतृत्व, चिकाटी, आणि प्रत्येकापुढे वरचे २ टक्के, ५ टक्के, १० टक्के, २५ टक्के असे पर्याय. विद्यापीठागणिक रकाने थोडे वेगळे असतात. ‘सांगण्याइतकी माहिती नाही’ असाही एक पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. आपल्याकडचे शिक्षक प्रेमापोटी सगळीकडे सर्वांत वरची खूण करतात. मग पत्र एक सांगतं आणि तक्ता दुसरं, आणि वाचणारा दोन्हींवरचा विश्वास सोडतो. या मुलीच्या तक्त्यात मी संशोधनाला सर्वांत वरची खूण केली, परीक्षेतल्या कामगिरीला २५ टक्क्यांची, आणि नेतृत्वापुढे माहिती नाही असं कळवलं. मी तिला नेतृत्व करताना पाहिलेलंच नव्हतं. मुलगी त्या लॅबच्या कामाशी जुळणाऱ्याच कोर्सला लागली. ते फक्त पत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण तिच्या गुणांकडे पाहता पत्राने काहीतरी काम केलं असं मला वाटतं.

आता तू सरांकडे परत कसा जाशील ते. थेट ‘सर, मी लिहिणार नाही’ म्हणू नकोस, त्यांना ते उद्धट वाटेल आणि तसं वाटणं साहजिक आहे. असं म्हण: ‘सर, मी पूर्ण पत्र लिहिलं तर ते माझ्यासारखंच वाटेल. मी तुमच्या लॅबमधल्या दोन-तीन गोष्टी एका पानावर लिहून आणल्यात, जर्नलही आणलंय. तुम्ही वीस मिनिटं दिलीत तर मी समोर बसतो, तुम्ही सांगाल ते टाइप करतो.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. बऱ्याच ज्येष्ठ शिक्षकांना इंग्रजीत टाइप करत बसणं नको असतं, पण बोलायला ते तयार असतात. त्यांनी सांगायचं आणि तू उतरवायचं, यात मत त्यांचं राहतं. मात्र मग तुलना आणि तक्ता त्यांनी तुझ्या पाठीमागे, स्वतः पूर्ण करावा, असं तूच सुचव. पत्र तुझ्या डोळ्यांसमोर पूर्ण होऊ नये.

टिपणासोबत आणखी एक साधा तक्ता दे: विद्यापीठ, कोर्सचं पूर्ण नाव, मुदत, आणि लिंक कोणत्या नावाने येईल. आठ विद्यापीठं असतील तर आठ वेगळ्या लिंका येतात आणि प्रत्येक वेळी तक्ता भरावा लागतो. त्या महिनाभर सुट्या सुट्या पाठवत बसू नकोस, सगळ्या एकाच आठवड्यात पाठव म्हणजे सर एका बैठकीत संपवतील. आणि पत्रात विद्यापीठाचं नाव घालायला लावू नकोस, ‘प्रवेश समितीस’ एवढंच पुरतं. एका विद्यापीठाचं नाव असलेलं पत्र दुसऱ्याला गेलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

वेळ कधीची? गणपती उठले की सरांना भेट. दसऱ्यापर्यंत टिपण त्यांच्या हातात असू दे. दिवाळीच्या सुटीत बरेच शिक्षक अशी कामं हातावेगळी करतात. नोव्हेंबरच्या शेवटी गेलास तर ते कॅपमध्ये असतील आणि तुला पुन्हा तेच वाक्य ऐकायला मिळेल.

ईमेलबद्दल थोडं. सरांचा कॉलेजचा, `.edu.in` किंवा `.ac.in` ने संपणारा पत्ता दे. जीमेल काही विद्यापीठं स्वीकारत नाहीत, काही स्वीकारतात पण मग ओळख पडताळतात. आपल्याकडे अडचण अशी की कॉलेजचा मेलबॉक्स बरेच शिक्षक उघडतच नाहीत. म्हणून लिंक पाठवली त्या दिवशी सरांना सांग, आणि स्पॅममध्ये पाहायला सांग. काही कन्सल्टन्सी शिक्षकाच्या नावाने नवा जीमेल काढून स्वतःच पत्र अपलोड करतात, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. ही सरळ तोतयेगिरी आहे. तुला कुणी असं सुचवलं तर त्या दारात परत जाऊ नकोस. शिक्का आणि जावक क्रमांकाची काळजी सोड, अमेरिकेत त्याला अर्थ नाही. कॉलेजचं लेटरहेड, सही आणि स्वच्छ पीडीएफ मात्र हवं. मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको.

एचओडींचं विचारलंस. त्यांनी तुला शिकवलं असेल किंवा तुझा प्रोजेक्ट पाहिला असेल तर जरूर घे. नाहीतर पद बघून घेतलेल्या पत्रात ‘या विभागाचा विद्यार्थी आहे आणि वर्तणूक चांगली आहे’ यापलीकडे काही येत नाही, ते बोनाफाइडच झालं. नोकरीला लागून दोनच वर्षं झालेल्या ज्या मॅडमनी तुझ्या प्रोजेक्टचे आठवडेच्या आठवडे पाहिलेत, त्यांचं पत्र प्राचार्यांच्या पत्रापेक्षा जड भरतं. अमेरिकेत साधारण तीन पत्रं मागतात, ब्रिटनमध्ये बहुतेक दोन. तिघांपैकी एकाने तुला लॅबमध्ये, एकाने वर्गात आणि एकाने प्रोजेक्टवर पाहिलेलं असेल तर तिन्ही पत्रं वेगवेगळं बोलतात. तिघांना वेगवेगळं टिपण दे. एकच पान तिघांना दिलंस तर तिन्ही पत्रांत तीच पिन-फिनची गोष्ट येईल. इंटर्नशिपला चाकणला किंवा हिंजवडीत नीट काम केलं असेल तर तिसरं पत्र तिथल्या प्रत्यक्ष वरिष्ठाचं चालतं, एचआरचं नको.

आणि इतकं करूनही सर म्हणाले, ‘नाही रे, तूच आण,’ तर त्यांच्यावर राग धरू नकोस, दुसरा शिक्षक शोध. जो वीस मिनिटं द्यायला तयार नाही, त्याला तुझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं, आणि ते पत्रात दिसतंच. दुसरा कोण हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. कुणाच्या केबिनमध्ये तू सबमिशन सोडून दुसऱ्या कशासाठी गेला होतास, ते आठव. तिथे गेल्यावर स्पष्ट विचार, ‘सर, तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं पत्र लिहिता येईल का?’ ‘चांगलं’ हा शब्द गाळू नकोस. त्यामुळे ज्याला लिहिता येणार नाही त्याला नाही म्हणायची वाट मिळते, आणि तुला ते डिसेंबरऐवजी ऑक्टोबरातच कळतं.

मुदतीच्या आधी आठ-दहा दिवस तुझ्या अर्जाच्या खात्यात जाऊन पाहा. कुणाचं पत्र पोहोचलं आणि कुणाचं नाही ते तिथे दिसतं, आणि लिंक पुन्हा पाठवायचं बटणही बहुतेक ठिकाणी असतं. ज्यांचं राहिलंय त्यांना फोन न करता कॉलेजमध्ये प्रत्यक्ष भेट, सोबत लॅपटॉप ने. लिंक उघडून दे आणि ते भरत असताना दाराबाहेर थांब.